श्रेड केलेली फाईल

डेटा रिकव्हरीच्या कामात येणाऱ्या प्रत्येक माणसाला एकच उत्तर हवं असतं: मिळेल की नाही? ते उत्तर देण्याआधी मी एक प्रश्न विचारते, आणि तो पुष्कळांना विचित्र वाटतो. "फाईल डिलीट झालीय की तिच्यावर काही लिहिलं गेलंय?" दोन्हींत फरक काय, फाईल दिसत नाही एवढं खरं, असं ते म्हणतात. पण सगळा फरक तिथंच आहे. पुण्यात मी हे काम करते त्याला आता बरीच वर्षं झाली. जळलेल्या सर्किटच्या, पाण्यात पडलेल्या, जिन्यावरून घरंगळलेल्या हार्ड डिस्कमधून मजकूर बाहेर काढलेला आहे. आणि कुठलीही मोडतोड नसलेल्या, सुरळीत चालणाऱ्या डिस्क हातात घेऊन "यातलं एक अक्षरही मिळणार नाही" असंही सांगितलेलं आहे. लोकांना पहिली गोष्ट चमत्कार वाटते आणि दुसरी कामचुकारपणा. म्हणून हे जरा सविस्तर लिहायचं मनात होतं.

आधी साधं डिलीट म्हणजे काय ते पाहू. विंडोजच्या बहुतेक हार्ड डिस्कवर एनटीएफएस नावाची फाईल सिस्टिम असते. तिच्यात प्रत्येक फाईलची एक नोंद असते, साधारण १०२४ बाइटची. या सगळ्या नोंदी ज्या मोठ्या तक्त्यात असतात त्याला आम्ही एमएफटी म्हणतो. नोंदीत फाईलचं नाव, तारखा, आकार आणि फाईलचा मजकूर डिस्कवर कुठं ठेवलाय तो पत्ता असतो. मजकूर स्वतः दुसरीकडे, ४०९६ बाइटच्या तुकड्यांमध्ये असतो. या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात. आपण रिसायकल बिन रिकामी करतो किंवा शिफ्ट दाबून डिलीट करतो, तेव्हा विंडोज त्या नोंदीतल्या एका ठिकाणी मुख्य बदल करतं:

```
0x16   01 00    फाईल वापरात
0x16   00 00    फाईल डिलीट
```

याशिवाय फोल्डरच्या यादीतून नाव निघतं आणि ते क्लस्टर "मोकळे" म्हणून लिहिले जातात. बास. मजकुराला कोणी हात लावत नाही. वाड्याच्या दारावरची नावाची पाटी काढून ठेवली, पण बिऱ्हाड आत तसंच नांदतंय, अशी ही अवस्था असते. नवा भाडेकरू सामान घेऊन येईपर्यंत जुनं सामान जागच्या जागी राहतं. विंडोज असं करतं त्यामागं आळस नाही. चार जीबीची फाईल खरोखर पुसायची तर चार जीबी नव्यानं लिहावं लागेल, आणि त्यात जाणारा वेळ कुणालाच नको असतो.

रिकव्हरी म्हणजे ही जी शिल्लक राहते ती वाचणं. आमच्या कामात निर्मिती काहीच नाही. जे डिस्कवर आहे तेच बाहेर येतं, हे वाक्य मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते.

आता एक काम सांगते, कारण त्या एकाच डिस्कवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडले होते. भोसरीच्या एमआयडीसीत एका गृहस्थांचं जॉबवर्कचं वर्कशॉप होतं: सीएनसीवर पार्ट काढून मोठ्या कंपन्यांना द्यायचे. ऑफिसात हिशेब, बिलं, कोटेशन सगळं सांभाळणारा एक माणूस पगारावरून वाद होऊन सोडून गेला. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर लावला तर डेस्कटॉपवरचे दोन फोल्डर नाहीत. एकात बिलं आणि चलनं होती. दुसऱ्यात कॉस्टिंगच्या एक्सेल फाईली: कुठल्या पार्टला किती मटेरियल, किती मशीन-तास, टूलचा किती खर्च, आणि शेवटी कोणत्या गिऱ्हाईकाला काय रेट दिला. बिलं पुन्हा उभी करता येतात. कॉस्टिंग म्हणजे मालकांची दहा-बारा वर्षांची धंद्यातली अक्कल होती.

त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. लक्षात आल्यावर कॉम्प्युटर बंद केला आणि इकडं तिकडं खटपट न करता डिस्क काढून आणली. ५०० जीबीची साधी, फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क. ती राइट-ब्लॉकरला जोडली, म्हणजे वाचता येईल पण आमच्याकडून तिच्यावर एक बाइटही लिहिला जाणार नाही. मग तिची पूर्ण प्रत, आम्ही इमेज म्हणतो ती, दुसऱ्या डिस्कवर घेतली. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर.

बिलांचा फोल्डर पहिल्या तासातच दिसायला लागला. एमएफटीत नोंदी जशाच्या तशा, फक्त ते वापरात असल्याचं चिन्ह शून्य झालेलं. त्यातली एक नोंद उदाहरण म्हणून घेते. मार्च महिन्याच्या बिलांची एक्सेल फाईल, आकार १८७ केबी. नोंदीच्या शेवटाकडे मजकुराचा पत्ता असा लिहिलेला होता:

```
31 2F 00 35 0C 00
```

हे वाचायचं कसं? पहिल्या 31 मधला 1 सांगतो की क्लस्टरची संख्या पुढच्या एका बाइटमध्ये आहे, आणि 3 सांगतो की सुरुवातीचा क्रमांक त्यापुढच्या तीन बाइटमध्ये आहे. 2F म्हणजे ४७. पुढचे तीन बाइट उलट क्रमानं वाचायचे: 0C3500, म्हणजे ८,००,०००. थोडक्यात, आठ लाखाव्या क्लस्टरपासून सलग ४७ क्लस्टर. १८७ भागिले ४ केले की पावणेसत्तेचाळीस येतात, म्हणजे हिशेब जुळला. त्या जागी जाऊन पाहिलं तर पहिलेच बाइट `50 4B 03 04`. एक्सेलची xlsx फाईल आतून झिप असते आणि झिपची सुरुवात सहसा या चार बाइटनी होते. ४७ क्लस्टर उचलले, एकापुढे एक ठेवले, फाईल उघडली. पार्टीचं नाव, जीएसटीचा आकडा, सगळं जागेवर.

त्या फोल्डरमधल्या बहुतेक फाईली अशाच निघाल्या. काही थोड्या मात्र निघाल्या नाहीत, आणि त्यांचं कारण महत्त्वाचं आहे. फाईली शनिवारी डिलीट झाल्या होत्या. त्यानंतरही कॉम्प्युटर काही वेळ चालू होता, सोमवारी सकाळी पुन्हा लागला होता. तेवढ्या वेळात विंडोजच्या स्वतःच्या अपडेटनं आणि ब्राउझरनं त्या मोकळ्या क्लस्टरांपैकी काही वापरले. एका बिलाच्या फाईलची नोंद स्वच्छ होती, पत्ता बरोबर होता, पण त्या पत्त्यावर कुठल्याशा वेबसाइटचं चित्र बसलेलं होतं. त्या बिलाचा त्या जागी मागमूस उरला नव्हता. हे श्रेड करणं नव्हे, नुसता योगायोग. पण परिणाम तोच. श्रेडर हेच काम जाणूनबुजून, प्रत्येक क्लस्टरवर, एकही न चुकवता करतो.

आता दुसरा फोल्डर.

कॉस्टिंगची एकही फाईल नावानं सापडेना. पण त्याच सुमाराला डिलीट झालेल्या नोंदी होत्या, आणि त्यांची नावं अशी होती की कीबोर्डवर मांजर चालून गेलं असावं. आकार शंभर-दोनशे केबीचे, एक्सेल फाईलला शोभणारे. पत्तेही शाबूत. मालक शेजारी बसले होते, ते म्हणाले, "मॅडम, नावंच बदललीत ना फक्त? मग फाईली आहेतच की." त्यांचं चुकत नव्हतं, एवढ्या माहितीवर कोणीही तसंच म्हणेल. मी त्यातल्या एका नोंदीच्या पत्त्यावर गेले आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. `50 4B` नाही. कुठलंच ओळखीचं चिन्ह नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नुसता गोंधळ, ज्यात ० ते २५५ मधला प्रत्येक आकडा जवळजवळ सारख्याच वेळा येतो.

असा गोंधळ पाहिला की घाईनं निकाल द्यायचा नसतो. झिपमध्ये दाबलेला किंवा पासवर्डनं कुलूपबंद केलेला मजकूरही मधूनच पाहिला तर असाच दिसतो. पण झिपला सुरुवात असते, शेवटी आतल्या फाईलींची यादी असते. इथं दोन्ही नव्हतं. आणखी एक खूण होती. फाईल क्लस्टरच्या मापात नेमकी जवळजवळ कधीच बसत नाही, शेवटच्या क्लस्टरमध्ये थोडी जागा उरते, आणि तिथं शून्यं किंवा आधीच्या कुठल्यातरी फाईलचं शेपूट असतं. इथं ती उरलेली जागाही त्याच गोंधळानं काठोकाठ भरलेली होती. सगळ्या नोंदींत तसंच. साधा प्रोग्रॅम आपल्या फाईलच्या पलीकडच्या त्या कोपऱ्याची पर्वा करत नाही. फक्त पुसण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम करतो.

नावांचा गोंधळही त्याच कामाचा भाग. नुसता मजकूर पुसून फाईल डिलीट केली तर नोंदीत जुनं नाव तसंच राहील, म्हणून श्रेडर आधी नाव बदलतो आणि मग डिलीट करतो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात SDelete नावाचं साधन आहे. ते तर फाईलचं नाव २६ वेळा बदलतं: आधी सगळी अक्षरं A, मग सगळी B, असं करत Z पर्यंत. त्यामुळे एमएफटीत ZZZZZZ सारखी नावं दिसली की आम्ही ओळखतो कोणाचं काम आहे. या डिस्कवर दुसराच कुठलातरी प्रोग्रॅम होता, उजव्या क्लिकच्या मेनूत बसणारा.

विंडोज एक रोजनिशी ठेवतं, कोणत्या फाईलला कधी काय झालं त्याची. श्रेडर फाईलवर लिहितो, पण या रोजनिशीत त्याच्या प्रत्येक हालचालीची ओळ पडत राहते. तिथं मला अशा ओळी मिळाल्या:

```
18:42:07  rate_final.xlsx   DATA_OVERWRITE
18:42:07  rate_final.xlsx   RENAME_OLD_NAME
18:42:07  qhzkwmdrby.tvn    RENAME_NEW_NAME
18:42:08  qhzkwmdrby.tvn    FILE_DELETE
```

बिलांच्या फाईलींपुढे फक्त शेवटच्या प्रकारची ओळ होती. इथं पहिली ओळ पाहा: मजकुरावर लिहिलं. म्हणजे कोणती फाईल, तिचं खरं नाव काय, शनिवारी संध्याकाळी किती वाजता तिच्यावर हात फिरला, तिचा आकार किती होता, हे सगळं मी मालकांना सांगू शकत होते. फक्त आत काय होतं ते सांगू शकत नव्हते. हे त्यांना सर्वांत जास्त लागलं. इतकं सगळं कळतं तर तेवढंच का कळत नाही?

कारण बाकी सगळं दुसरीकडे लिहिलेलं होतं आणि आतला मजकूर फक्त त्या क्लस्टरांवर होता. हार्ड डिस्कच्या तबकडीवर एका जागी एका वेळी चुंबकत्वाची एकच दिशा राहते. हेड पुन्हा त्याच जागेवरून लिहीत गेलं की आधीची दिशा मोडून नवी बसते. खाली जुना थर उरतो आणि वर नवा थर चढतो, असं काही होत नाही. कागदावर खोडलेलं उजेडात धरून वाचता येतं म्हणून आपल्याला तसं वाटतं.

"पण पोलिसांच्या लॅबमध्ये, परदेशात, कुठंतरी होत असेल ना?" मालकांनी विचारलं, आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. या समजुतीला एक मूळ आहे, आणि ते आदरानं सांगितलं पाहिजे. १९९६ साली पीटर गुटमन या संशोधकानं एक निबंध लिहिला. त्या काळच्या डिस्कचे मार्ग रुंद होते, हेड दर वेळी नेमकं त्याच रेषेवरून जाईलच असं नव्हतं. मार्गाच्या कडेला जुन्या लिखाणाचा अंश राहू शकतो आणि चुंबकीय सूक्ष्मदर्शकानं तो पाहता येऊ शकतो, असं त्यानं मांडलं आणि पुसण्यासाठी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत सुचवली. ते ३५ फेरे वेगवेगळ्या जुन्या डिस्कच्या लिहिण्याच्या पद्धतींसाठी होते. पुढं गुटमननंच स्पष्ट केलं की आधुनिक डिस्कवर सगळे ३५ फेरे मारण्यात काही अर्थ नाही. पण ३५ हा आकडा प्रोग्रॅमच्या मेनूत जाऊन बसला तो बसलाच, आणि त्याच्याबरोबर ही शंकाही की एकदा लिहिलेलं पुरेसं नसेल.

या शंकेची खरी तपासणी २००८ साली हैदराबादच्या एका परिषदेत मांडली गेली. क्रेग राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिस्कवर माहीत असलेला मजकूर लिहिला, त्यावर एकदा नवा लिहिला आणि सूक्ष्मदर्शकानं जुना ओळखायचा प्रयत्न केला. रोजच्या वापरातल्या डिस्कवर एक बिट बरोबर ओळखण्याची शक्यता त्यांना ५६ टक्के मिळाली. नाणं उडवलं तर ५० टक्के मिळते. एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि आठही बरोबर यायला हवेत: ०.५६ चा आठवा घात केला की एक टक्क्याहूनही कमी. कधीच न वापरलेल्या कोऱ्या डिस्कवर एकदाच लिहून एकदाच पुसलं, असल्या अगदी अनुकूल परिस्थितीत, हा आकडा बिटमागे ९२ टक्क्यांपर्यंत गेला. ऐकायला हा पुष्कळ वाटतो. म्हणून मालकांना मी कागदावर एक हिशेब करून दाखवला. "रुपये" हा शब्द घ्या. कॉम्प्युटरमध्ये र, उकार, प, य आणि मात्रा असे त्याचे पाच भाग होतात, सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे पंधरा बाइट, म्हणजे १२० बिट. ९२ टक्क्यांनी सगळे १२० बिट बरोबर येण्याची शक्यता साधारण बावीस हजारांत एक. हा फक्त एक शब्द, तोही अशा डिस्कवर जी कुणाच्याच ऑफिसात नसते. ५६ टक्क्यांनी हिशेब केला तर दशांश चिन्हानंतर तीस शून्यं मांडावी लागतात.

आणि त्यांच्या फाईली तर xlsx होत्या. साध्या मजकुरात एक अक्षर चुकलं तर एक अक्षर चुकतं. दाबलेल्या झिपमध्ये प्रत्येक पुढचा भाग मागच्यावर अवलंबून असतो, त्यामुळे एक बिट चुकला की तिथून पुढचं सगळं ढासळतं. शिवाय आपण ओळखलेला बिट बरोबर की चूक, हे तपासायला मूळ मजकूर हातात हवा, आणि तो असता तर हा उद्योगच नको होता. आजच्या डिस्क १९९६ च्या मानानं अतोनात दाट लिहितात, मार्गाच्या कडेला शिल्लक राहायला जागाच उरलेली नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची डेटा पुसण्यासंबंधीची मार्गदर्शिका आहे. तिच्या २०१४ च्या आवृत्तीतही हेच म्हटलंय की अशा चुंबकीय डिस्कवर एकदा लिहिलं की प्रयोगशाळेतल्या साधनांनीसुद्धा जुनं परत काढणं सहसा शक्य राहत नाही.

मग काम तिथंच संपलं का? नाही, आणि हे मला नेहमी ठासून सांगावंसं वाटतं. श्रेडर फाईल पुसतो, माहिती पुसत नाही. त्याला फक्त आत्ता त्या फाईलच्या नावावर असलेले क्लस्टर माहीत असतात. एक्सेल फाईल सेव्ह करताना जुन्याच जागेवर लिहीत नाही. ते नवी तात्पुरती फाईल वेगळ्या जागी लिहितं, तिला जुनं नाव देतं आणि जुनी फाईल साधी डिलीट करतं. वीज गेली तरी एक प्रत धड राहावी म्हणून ही सोय. परिणाम असा की वर्षभर रोज उघडून सेव्ह केलेल्या वहीच्या कितीतरी जुन्या आवृत्त्या डिस्कच्या मोकळ्या भागात विखुरलेल्या असतात, आणि श्रेडरला त्यांचा पत्ताही नसतो.

म्हणून नोंदी बाजूला ठेवून मी सगळा मोकळा भाग `50 4B 03 04` साठी चाळायला घेतला. याला कार्व्हिंग म्हणतात. नाव नाही, फोल्डर नाही, तारीख नाही, फक्त फाईलची सुरुवात शोधायची आणि पुढचे क्लस्टर सलग आहेत असं धरून उचलायचे. रात्रभर मशीन चाललं. सकाळी झिपसारख्या हजारो गोष्टी निघाल्या, त्यातल्या बहुतेक विंडोजच्याच. त्यातून एक्सेलच्या वेगळ्या काढल्या, आतल्या शीटची नावं वाचली, आणि मालकांना बोलावून स्क्रीनपुढं बसवलं. एका मोठ्या गिऱ्हाईकाच्या कॉस्टिंगची काही महिन्यांपूर्वीची आवृत्ती अख्खी होती. आणखी दोन-तीन वह्या अर्धवट होत्या, फक्त पहिल्या काही शीट उघडत होत्या. बाकीच्यांचं काहीच नाही. विंडोजच्या शॅडो कॉपी पाहिल्या, त्या बंद ठेवलेल्या होत्या. मेलमध्ये पाठवलेली कोटेशन सापडली, त्यात रेट होते पण रेट कसा आला तो हिशेब नव्हता.

माझ्या रिपोर्टमध्ये मी दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या. श्रेड झालेल्या फाईलींपैकी परत मिळालेल्या: शून्य. त्याच वह्यांच्या आधीच्या प्रती इतरत्र सापडलेल्या: इतक्या. हा फरक धूसर ठेवला तर गिऱ्हाईक पुढच्या माणसाला सांगतं की श्रेड केलेलंसुद्धा निघतं, आणि मग एखादा वकील किंवा डॉक्टर उगाच घाबरून चांगल्या डिस्क फोडत बसतो. त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी खोट्या आशेवर पैसे ओततो.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी, कारण वरचं सगळं फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते आणि तिथं चित्र जवळजवळ उलटं होतं. फाईल डिलीट केली की विंडोज एसएसडीला ट्रिम नावाचा आदेश पाठवतं: हे तुकडे आता नकोत. एसएसडी ते लगेच आपल्या हिशेबातून काढते आणि सवडीनं खरोखर पुसते. तुमच्या मशीनवर हे चालू आहे का ते असं पाहता येतं:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तरात 0 आलं तर ट्रिम चालू आहे. असा लॅपटॉप घेऊन एक पीएचडीची विद्यार्थिनी आली होती, प्रबंधाचं फोल्डर चुकून डिलीट झालेलं. नोंदी सगळ्या शाबूत, नावं शाबूत, पत्ते शाबूत, आणि प्रत्येक पत्त्यावर नुसती शून्यं. गोंधळ नाही, स्वच्छ शून्यं. डिलीट करून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. साधं डिलीट, पण एसएसडीवर ते श्रेड केल्यासारखंच झालं होतं. तिचा प्रबंध शेवटी गाइडला केलेल्या मेलमधून मिळाला.

आणि श्रेड करायला जावं तर एसएसडीवर त्याची खात्री देता येत नाही. फ्लॅश चिपवर त्याच जागी पुन्हा लिहिता येत नाही. श्रेडर ज्याला "तीच जागा" समजतो तिथं लिहिलेलं प्रत्यक्षात चिपच्या नव्या जागी जातं आणि जुनी प्रत काही काळ आत पडून राहते. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या मंडळींनी चिप थेट वाचून हे तपासलं, तेव्हा एकेक फाईल पुसण्याची कुठलीच पद्धत एसएसडीवर धड चालली नाही. म्हणून एसएसडी विकायची किंवा द्यायची असेल तर पहिल्या दिवसापासून बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन चालू ठेवा, आणि देताना तिची स्वतःची पूर्ण पुसण्याची आज्ञा चालवा. जुन्या हार्ड डिस्कसाठी मात्र एकदा पूर्ण लिहून पुसणं पुरतं. विंडोजमधलंच `cipher /w:D:\` मोकळ्या जागेवर तीन फेरे मारतं; जे क्लस्टर श्रेडरला माहीत नसतात तेही त्यात येतात. भोसरीत ज्यानं श्रेडर चालवला त्यानं हे केलं असतं तर मला एकही जुनी वही मिळाली नसती.

काही दिवसांनी मालकांचा फोन आला. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की अमुक ठिकाणी श्रेड झालेलंही काढून देतात, मोठी रक्कम आगाऊ द्यावी लागते. काय करू, असं ते विचारत होते. मी म्हटलं, पैसे नंतर द्या, आधी एक साधी परीक्षा घ्या. घरातली एखादी जुनी हार्ड डिस्क घ्या. तिच्यावर एक एक्सेल फाईल नव्यानं बनवा, एकदाच सेव्ह करा, आत काय आहे ते वहीत लिहून ठेवा. मग ती त्याच प्रोग्रॅमनं श्रेड करा, वरून एकदा cipher चालवा, आणि फक्त डिस्क त्यांच्याकडे पाठवा. त्यांनी ती एक फाईल आणून दाखवली तर तुमची डिस्क द्या आणि मलाही बोलवा, मला शिकायचंय. त्यांनी तसंच विचारलं. समोरच्यानं अशी चाचणी घ्यायला नकार दिला.

बिलांचं वर्ष त्यांनी जीएसटी पोर्टलवरच्या विवरणांतून आणि आम्ही काढलेल्या फाईलींतून जुळवलं. कॉस्टिंगसाठी गिऱ्हाईकांकडून ड्रॉइंग पुन्हा मागवली, मशीनवरच्या पोरांना वेळ मोजायला लावलं आणि रेट नव्यानं बांधायला घेतले. नव्या वह्या आता रोज रात्री दोन डिस्कवर जातात, त्यांतली एक ते घरी नेतात.